मंद व मृत साठा अहवाल

दुकानातील कोणता माल किती दिवसांपासून विकला गेलेला नाही आणि त्यात किती रक्कम अडकली आहे, हे एकत्र दाखवणारा तक्ता म्हणजे मंद व मृत साठा अहवाल. व्यापारी त्याला ‘डेड स्टॉक रिपोर्ट’ म्हणतात. अहवालाच्या तारखेतून शेवटच्या विक्रीची तारीख वजा केली की दिवस मिळतात, आणि शिल्लक नगांना खरेदी दराने गुणले की साठ्याचे मूल्य मिळते. 90 दिवसांपुढचा माल मंद आणि 180 दिवसांपुढचा मृत, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी करतात. ही मर्यादा मात्र दुकानदाराने आपापल्या मालाप्रमाणे ठरवायची असते.

समजा, मालवणातील एका हार्डवेअरच्या दुकानाचा हा अहवाल 31 मार्चला काढला आहे. स्क्रूची 14 पाकिटे 400 दिवस हललेली नाहीत, म्हणून केवळ दिवसांप्रमाणे लावलेल्या यादीत ती सर्वांत वर येतात. पण 45 रुपये दराने त्यांत अडकले आहेत अवघे 630 रुपये. त्यांच्या खाली 18 ताडपत्र्या आहेत. त्यांची शेवटची विक्री 20 सप्टेंबरला झाली, म्हणजे 192 दिवस उलटले, आणि 950 रुपये दराने मूल्य होते 17,100 रुपये. त्यामुळे प्रत्येक गटात मूल्याप्रमाणे उतरता क्रम लावणे अधिक उपयोगी ठरते.

तरीही या ताडपत्र्यांना लगेच मृत म्हणता येत नाही, कारण कोकणात त्यांची विक्री पावसाच्या तोंडावर आणि पावसाळ्यातच होते. येथे निकाल लावतो तो गेल्या हंगामातील खप. गेल्या पावसाळ्यात 40 विकल्या गेल्या असतील, तर 18 शिल्लक काहीच नाही. फक्त 6 गेल्या असतील, तर हा साठा तीन पावसाळ्यांना पुरेल आणि नवी खरेदी थांबवायला हवी.

उलट चूक अधिक फसवी असते. त्याच दुकानात 310 रुपयांचे 40 पितळी नळ आहेत आणि शेवटची विक्री 26 दिवसांपूर्वीची आहे, म्हणून 12,400 रुपयांचा हा माल अहवालात येतच नाही. वर्षभरात विकला गेलेला तो एकमेव नळ होता. यासाठी मागील 12 महिन्यांत विकलेल्या नगांचा रकाना शेजारी ठेवावा लागतो.

एकदाही न विकलेल्या मालाला शेवटच्या विक्रीची तारीखच नसते. रकाना रिकामा राहिला, तर संगणकावरील तक्ता तो शून्य धरतो आणि 46,000 च्या आसपास दिवस दाखवतो. अशा वेळी खरेदीच्या तारखेपासून मोजावे. B मध्ये खरेदीची आणि C मध्ये शेवटच्या विक्रीची तारीख असल्यास सूत्र असे होते:

```
=TODAY()-IF(C2="",B2,C2)
```

खरेदी दराने काढलेले मूल्य हीही वरची मर्यादाच समजावी. खाऱ्या, दमट हवेत लोखंडी बिजागऱ्या, कड्या गंजतात, पण अहवालातला आकडा तसाच राहतो. हिशेबाच्या नियमानुसार साठ्याचे मूल्य खरेदी किंमत आणि प्रत्यक्ष मिळू शकणारी निव्वळ रक्कम यांपैकी जे कमी असेल ते धरतात; म्हणून वर्षअखेरीस जुना माल खोक्यातून काढून डोळ्यांनी पाहावा लागतो.