एकाच दिशेची ताकद: बांबूची शेड कशी टिकते

इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्य नगरसारख्या जुन्या मराठी वस्त्यांत घरामागच्या मोकळ्या जागेवर पत्र्याची शेड घालायची झाली, की बहुधा लोखंडी पाइपांचाच विचार होतो. बांबूचा विषय निघाला तर कोणीतरी हमखास सांगते, की दोन पावसाळ्यांत त्याचा भुगा होतो. हा अनुभव खोटा नाही. पण तो औषधाच्या द्रावणात न मुरवलेल्या, जमिनीत पुरलेल्या आणि खिळे ठोकलेल्या बांबूचा आहे. बांबू कशाने मजबूत असतो आणि कशाने फाटतो, हे त्याच्या रचनेतून समजून घेतले, तर बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद शेडसाठी तो भरवशाचा ठरू शकतो.

बांबूचे सगळे चिवट तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने जातात आणि बाहेरच्या सालीजवळ ते सर्वांत दाट असतात. लाकडात गाभ्यापासून सालीकडे आडव्या जाणाऱ्या किरण-पेशी असतात, तशा बांबूत नसतात. म्हणून लांबीच्या दिशेने ओढला तर बांबू फार मोठा ताण सहन करतो, परंतु आडवा ताण आला की दोन तंतूंमधला मऊ भाग सुटतो आणि लांबच लांब चीर जाते. पाण्याची वाटही लांबीच्याच दिशेची असते. बाहेरची साल मेणचट आणि सिलिकायुक्त असल्यामुळे तिच्यावर कितीही औषध फासले, तरी ते आत जात नाही. कीड रोखण्याची पद्धत आणि सांध्याची पद्धत, दोन्ही या एकाच गोष्टीवर ठरतात.

बांबू पोखरणारा बारीक भुंगेरा येतो तो आतल्या पिष्टासाठी. त्यामुळे कोंब फुटण्याच्या पावसाळी दिवसांत बांबू तोडू नये. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या सुमारास तोडावा आणि तोही तीन-चार वर्षांचा. एका वर्षाचा कोवळा बांबू वाळताना सुरकुततो. दुकानात उभ्या असलेल्या बांबूंखाली पिठासारखा पिवळसर भुगा पडलेला दिसला, किंवा कापलेल्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली, तर तो माल घेऊ नये. वाळवीची खूण निराळी असते: ती मातीच्या बारीक नळ्या बांधत वर चढते.

घरगुती पातळीवर सर्वांत सुरक्षित उपाय बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचा आहे. शंभर लिटर पाण्यात साधारण 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड घ्यावे. पाणी कोमट असले तर ते लवकर विरघळते. बांबू ओला असतानाच बुडवावा, कारण बोरॉनचे क्षार आतल्या ओलाव्यातूनच पसरत जातात. पोकळ बांबूच्या प्रत्येक पेराशी आत एक पडदा असतो. लांब सळईने हे पडदे फोडावेत किंवा प्रत्येक कांड्याला लहान छिद्र पाडावे, म्हणजे द्रावण आतल्या बाजूनेही भिडते. दहा-बारा दिवस बुडवून ठेवल्यावर बांबू बाहेर काढून आठवडाभर झाकून ठेवावा आणि मग सावलीत सावकाश वाळू द्यावा. इंदूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो थेट टाकला, तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि बांबू तडकतो. उरलेले द्रावण झाडांच्या मुळाशी ओतू नये, कारण जास्त बोरॉन झाडांना मारक असते.

औषध आत पोहोचले की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. प्रयोगशाळेत कापलेल्या चकतीवर अल्कोहोलमधला हळदीचा अर्क लावतात आणि त्यावर आम्लाचे द्रावण देतात. बोरॉन असलेला भाग पिवळ्याचा लाल होतो. लाल रंग फक्त कडांना दिसला आणि मधला भाग पिवळाच राहिला, तर बुडवणे अपुरे झाले असे समजावे. या उपचाराची मर्यादा मात्र स्पष्ट आहे: बोरॉन पाण्यात विरघळते, त्यामुळे पाऊस सतत लागत राहिला तर ते हळूहळू धुऊन जाते. म्हणूनच मुरवलेल्या बांबूलाही छप्पर लागते, आणि कुंपणासाठी किंवा उघड्या मांडवासाठी ही पद्धत योग्य नाही.

आता शेडकडे येऊ. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब जमिनीत पुरणे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. पाया पुरेसा खोल नेऊन त्यावर जमिनीपासून किमान एक फूट उंच काँक्रीटचा चौथरा करावा आणि त्यातून वर आलेली लोखंडी सळई खांबाच्या तळच्या पोकळ कांड्यात घालून तिथे सिमेंट-वाळूचा पातळ मसाला भरावा. सळईची पायाशी पकड भक्कम हवी, कारण वादळात हलके छप्पर खाली दाबले जात नाही, वर उचलले जाते. छप्पर खांबांच्या बाहेर दोन फूट काढले, की पावसाचा मारा खांबांवर येत नाही.

खरी परीक्षा आडव्या बांबूची असते. आठ सेंमी व्यासाचा, दीड सेंमी जाड भिंतीचा बांबू दहा फूट अंतरावर टेकवला आणि असे बांबू तीन-तीन फुटांवर ठेवले, तर पत्रा आणि वर चढलेली माणसे धरून प्रत्येकावर मीटरला सुमारे 80 किलो भार येतो. एवढ्या भाराखाली चांगला ताठ बांबूही मध्यावर साधारण 4 सेंमी वाकतो आणि कमी ताठ जातीचा त्याहून बराच जास्त. शिवाय सततच्या भाराखाली बांबू वर्षानुवर्षे थोडा थोडा झुकत राहतो. मध्ये एक आडवा आधार दिला आणि अंतर पाच फुटांवर आणले, तर वाक सोळावा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास राहतो. बांबू जाड घेण्यापेक्षा अंतर कमी करणे, हा माझ्या मते या प्रकारच्या बांधकामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

सांध्यात खिळा ठोकला की बांबू लगेच फाटतो, कारण खिळा तंतू बाजूला सारतो. त्याऐवजी ड्रिलने छिद्र पाडून दहा-बारा मिलिमीटरचा बोल्ट घालावा, आणि तो शक्य तितका पेराजवळ घ्यावा. पोकळ कांड्यातून बोल्ट आवळला तर भिंत चेपते. म्हणून ते कांडे मसाल्याने भरतात. कोलंबियातले वास्तुविशारद सिमोन वेलेझ यांनी ही पद्धत मोठ्या बांधकामांत वापरून दाखवली. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मुरवताना पडदे फोडलेले असतील, तर मसाला खाली वाहून जातो, म्हणून खालच्या बाजूला कापडाचा गोळा घट्ट बसवावा. आणि बांबू पूर्ण वाळल्याखेरीज मसाला भरू नये, कारण ओला बांबू आकसून आतल्या कडक मसाल्यावर घट्ट होतो आणि चिरतो. मानवेल या भरीव जातीच्या बांबूला मात्र मसाल्याची गरजच नसते.

असा सांधा बिजागरीसारखा वळू शकतो, तो चौकट ताठ ठेवत नाही. म्हणून किमान दोन बाजूंना तिरके बांबू द्यावेतच. पहिल्या उन्हाळ्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण आकसलेल्या बांबूत ते सैल झालेले असतात. आणि जूनच्या आधी चौथऱ्याजवळ मातीच्या नळ्या, टोकांखाली भुगा आणि बोल्टपासून निघालेल्या चिरा एकदा नीट पाहाव्यात. दुसऱ्या पेरापर्यंत चीर गेलेला बांबू तारेने बांधून चालवू नये, तो बदलावा.