टिक विकारांतील सवय-परिवर्तन प्रशिक्षण

डोळे मिचकावणे, मान झटकणे, खांदा उडवणे, घसा खाकरणे अशा अचानक, वारंवार आणि हेतूविना होणाऱ्या हालचालींना व आवाजांना टिक म्हणतात. टिक असलेल्या मुलाला ती येण्याआधीची चाहूल ओळखायला आणि त्या क्षणी टिकला वाव न देणारी दुसरी क्रिया करायला शिकवणारी औषधाविना उपचारपद्धती म्हणजे सवय-परिवर्तन प्रशिक्षण. चिकित्सक तिला बहुधा हॅबिट रिव्हर्सल या नावानेच ओळखतात. नावातला ‘सवय’ हा शब्द मात्र पालकांची दिशाभूल करतो. टिक ही मेंदूच्या हालचाल-नियंत्रणातील वेगळेपणामुळे उद्भवते. ती वाईट सवय नव्हे आणि मुलाचा हट्टही नव्हे. नागपुरात असे मूल आधी डोळ्यांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाते, थेंब आणि ॲलर्जीच्या गोळ्या होतात, मध्येच कोणी नजर उतरवते, आणि या सगळ्यात ‘चाळे बंद कर’ हे बोलणे रोज चालूच राहते. बोलण्याने टिक कमी होत नाही. तिच्याकडे सतत लक्ष वेधल्याने आणि ताणाने ती अनेकदा वाढते.

ही पद्धत नेथन ॲझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडली. त्यापूर्वी ‘नकारात्मक सराव’ नावाचा उपाय प्रचलित होता. त्यात मुलाला तीच टिक मुद्दाम, थकेपर्यंत करायला लावत. काही लेखनात हे दोन्ही उपाय एकच मानलेले आढळतात, परंतु त्यांची तत्त्वे परस्परविरुद्ध आहेत. मूळ लेखात 12 व्यक्तींच्या सवयी पहिल्याच दिवशी जवळजवळ नाहीशा झाल्याचे नोंदवले आहे. पुढील नियंत्रित चाचण्यांत इतका झटपट परिणाम दिसला नाही. मूळ पद्धतीचे घटक बरेच होते. नंतरच्या संशोधकांनी ते जाणीव-प्रशिक्षण, प्रतिस्पर्धी क्रिया आणि घरच्यांची साथ या तिघांवर आणले.

पद्धत नेमकी कशामुळे लागू पडते, याविषयी मतभेद आहेत. मूळ मांडणीनुसार टिकमुळे काही स्नायू अधिक बळावतात आणि विरुद्ध स्नायू ताणून धरल्याने तोल सावरतो. 1989 च्या एका छोट्या अभ्यासात मात्र टिकशी संबंध नसलेल्या स्नायूंची क्रियाही उपयोगी पडली, त्यामुळे ही उपपत्ती दुबळी झाली. दुसरे मत टिकपूर्वीच्या अस्वस्थतेवर भर देते. टिक आली की अस्वस्थता क्षणभर शमते आणि तेवढ्या सुटकेमुळे टिक घट्ट होत जाते. टिक न करता ती अस्वस्थता सोसली, तर ती हळूहळू आपोआप विरते. तथापि, उपचारानंतर टिक घटूनही अस्वस्थता तितकीच राहिलेली मुले आढळतात, म्हणून हे मतही अपुरे आहे. मुलाला समजावताना मात्र दुसरे मत अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सत्रांची रीत एका कल्पित उदाहरणाने पाहू. नंदनवन भागातील दहा वर्षांचा मुलगा मान उजवीकडे झटकतो. पहिल्या सत्रात सर्व टिकांची यादी करून प्रत्येकीचा त्रास मुलाकडूनच मोजून घेतात. आईला डोळे मिचकावणे खटकते, पण मुलाला मान दुखते आणि वर्गात हसतात म्हणून मानेची टिक नको असते. ती आधी घ्यावी. आई रोज संध्याकाळी ठरावीक अर्धा तास टिका मोजते, पण मुलाला न टोकता.

पुढील सत्रात मूल टिकचे इतके बारीक वर्णन करते की ऐकणाऱ्याला ती करून दाखवता यावी. आमचा मुलगा सांगतो, ‘कानाखाली खाजल्यासारखं होतं, मग खांदा जरा वर येतो, मग मान जाते.’ यातील कानाखालची खाज हीच चाहूल. आधी चिकित्सक टिकची नक्कल करतो आणि मूल बोट वर करून ती पकडते. मग गप्पा मारताना मूल स्वतःची टिक आणि शेवटी चाहूल पकडते. दहापैकी साधारण आठ वेळा पकडता येऊ लागल्याखेरीज पुढे जाऊ नये. येथे केलेली घाई पुढे महागात पडते.

त्यानंतर प्रतिस्पर्धी क्रिया ठरते. ती चालू असताना टिक होणे अवघड असावे, तिला कोणतीही वस्तू लागू नये, ती शेजारच्याच्या लक्षात येऊ नये आणि निदान एक मिनिट टिकवता यावी. मानेसाठी नजर समोर, हनुवटी किंचित आत आणि मानेचे स्नायू हलके ताणलेले, अशी स्थिती पुरते. घसा खाकरण्यासाठी तोंड मिटून नाकाने संथ, पोटातून श्वास घेतात. चाहूल लागताच, किंवा टिक निसटली तर लगेच, ही क्रिया एक मिनिट किंवा चाहूल विरेपर्यंत, यांपैकी जे जास्त असेल तितका वेळ धरायची. चिकित्सकासमोर ती अनेकदा करून झाल्यावरच मूल घरी जाते.

घरी आईचे काम दोनच गोष्टींचे असते: क्रिया केलेली दिसली की नेमके कौतुक करायचे, आणि विसरल्यास ठरवलेल्या शब्दाने एकदाच हळू आठवण द्यायची. येथेच या कुटुंबात एक अडचण उघड होते. मुलगा गणिताला बसला की मानेची टिक वाढते आणि आजी म्हणते, ‘राहू दे वं, थकलं लेकरू.’ वही मिटते. आजीची माया खरी आहे, पण टिक आली की गणित सुटते, ही सांगड घरात नकळत बसते. उपाय म्हणजे अभ्यासाआधी थोडी विश्रांती ठेवणे आणि टिक आली तरी अभ्यास शांतपणे चालू ठेवणे. हे आजीच्या उपस्थितीतच ठरवावे, कारण मागाहून कानावर आलेला निर्णय तिला दोषारोपासारखा वाटतो.

चुका बहुधा ओळखीच्याच असतात. क्रिया जोरात किंवा झटक्यात केली तर तिचीच नवी टिक झाल्यासारखी दिसते; ती सावकाश करून घ्यावी. चाहूल नसतानाही मूल दिवसभर मान आवळून बसले, तर मान दुखते आणि ते कंटाळून सोडून देते. टिक दाबली की दुपटीने उसळते, ही भीती पालकांत सार्वत्रिक आहे, पण त्या विषयावरील अभ्यासांत तसा उसळीचा परिणाम सर्वसाधारणपणे दिसलेला नाही. टिका मुळातच चढतात-उतरतात. त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यात आकडा वाढणे म्हणजे उपचार फसणे नव्हे, आणि सुटीत तो घटणे म्हणजे यशही नव्हे. निदान तीन-चार आठवड्यांचा कल पाहावा.

पुराव्याचा मुख्य आधार 2010 मधील अमेरिकी चाचणी हा आहे. तीत 9 ते 17 वर्षांच्या 126 मुलांना दहा आठवड्यांत आठ सत्रे दिली. विस्तारित स्वरूपाचे हे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी सुमारे 53 टक्के मुले लक्षणीय सुधारली, तर केवळ आधार व माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे 19 टक्के होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या मुलांना पुरेसा लाभ झाला नाही, आणि ज्यांना झाला त्यांच्याही टिका बहुधा पूर्ण गेल्या नाहीत. 9 वर्षांखालील मुलांबाबत पुरावा तोकडा आहे, कारण लहान मुलांना चाहूल सांगता येईलच असे नाही. अवधानाची मोठी अडचण असल्यास तिच्यावर आधी किंवा सोबत उपचार करावे लागतात. हालचालीच्या वेळी शुद्ध हरपत असेल, किंवा सौम्य टिकांचा पूर्वेतिहास नसलेल्या किशोरवयीन मुलात एका दिवसात तीव्र, गुंतागुंतीच्या हालचाली सुरू झाल्या असतील, तर हे प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. मुलाला स्वतःला टिकचा त्रासच होत नसेल, तर प्रशिक्षण न देता शाळेला व घरच्यांना टिक समजावून सांगणे पुरेसे ठरते.