वॉलपेपरच्या पाठीमागचे पाणी

गेल्या पावसाळ्यात लातुरातील एका अभ्यासिकेचे तळघर पाहण्याचा योग आला. जमिनीखाली सुमारे 3 मीटर खोल असलेल्या या वातानुकूलित खोलीच्या भिंतींना आतून थर्माकोल, त्यावर प्लायवूड आणि त्यावर व्हिनाइलचा वॉलपेपर लावलेला होता. कोपऱ्यातला वॉलपेपर सुटला होता आणि त्याच्या पाठीमागे काळी बुरशी पसरली होती. वॉटरप्रूफिंग करणाऱ्याने फसवले, असे मालकांचे मत होते. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी कपाटामागे मिठाची वाटी ठेवली होती. तिच्यात पाणी साचल्यामुळे मीठ वास्तुदोष ओढून घेत असल्याची त्यांची खात्री पटली होती. सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. रात्री एसी बंद झाल्यावर ती वाटी एक ओबडधोबड आर्द्रतामापक बनत होती, एवढाच तिचा चमत्कार.

पाणी कोठून येते, हे ठरवण्यासाठी आम्ही एका ठिकाणी प्लायवूड आणि थर्माकोल काढून उघड्या काँक्रीटवर सुमारे 45 सेंटीमीटर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद केला. खोलीतील हवेचे दव असते, तर थेंब तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला जमले असते. दोन दिवसांनी ते भिंतीच्या अंगाला दिसले, म्हणजे ओल मातीकडून येत होती. मात्र त्यावरून भिंतीला भेग आहे, असे सिद्ध होत नाही. काँक्रीट कितीही चांगले असले, तरी त्याच्या सूक्ष्म रंध्रांतून बाष्प हळूहळू पुढे सरकत असते.

थंड देशांत उन्हाळ्यातील दमट हवा गार तळघरात शिरते आणि भिंतीवर दव साचते. मराठवाड्यात मात्र उलटे घडते. जमिनीत उन्हाचा दैनंदिन चढउतार अर्ध्या मीटरच्या आतच विझतो, वर्षभराचा चढउतारही दोन-सव्वादोन मीटरवर सुमारे एक तृतीयांश उरतो, आणि त्याखालची जमीन वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ राहते. ते आपण 27 अंश सेल्सियस धरू. त्या तापमानाच्या ओल्या मातीतील हवेत दर घनमीटरला सुमारे 26 ग्रॅम बाष्प असते, तर 24 अंशांच्या आणि 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ते सुमारे 11 ग्रॅम असते. त्यामुळे बाष्प सतत मातीकडून खोलीकडे जाऊ पाहते. काँक्रीट, थर्माकोलचे सांधे आणि प्लायवूड ओलांडून ते व्हिनाइलपाशी पोचते आणि तेथे अडते, कारण व्हिनाइल बाष्प जाऊ देत नाही. व्हिनाइलची पाठ एसीमुळे 24 अंशांच्या आसपास असते आणि तेथील हवा जास्तीत जास्त 22 ग्रॅम बाष्प धरू शकते. उरलेले तेथेच पाणी होते. म्हणजे उष्णतारोधक थर लावण्यात चूक नव्हती. तो भिंतीच्या आत लावून त्यावर बाष्पाला अडवणारा पडदा चढवणे, ही चूक होती.

नव्या बांधकामात हा क्रम उलटा असावा. काँक्रीटच्या बाहेरच्या अंगावर वॉटरप्रूफिंगचा सलग थर द्यावा आणि त्याच्या बाहेर एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलसारखाच पण सलग, बंद पेशींचा उष्णतारोधक बोर्ड लावावा. बाष्प अडलेच, तर भिंतीच्या बाहेर अडते. साधा थर्माकोल येथे कमी पडतो, कारण मण्यांमधल्या फटींत पाणी मुरते आणि ओला बोर्ड उष्णता नीट अडवत नाही. दोन्ही पॉलिस्टायरिनचेच असल्यामुळे पेट्रोलसारख्या द्रावकाने विरघळतात. म्हणून द्रावकयुक्त डांबरी लेपाने बोर्ड चिकटवू नये, पाण्यावर आधारित इमल्शन वापरावे.

त्यानंतर बोर्डाला जपावे लागते, आणि आपल्याकडे त्याचा मुख्य शत्रू काळी माती आहे. ती पावसात फुगून बोर्डाला दाबते, उन्हाळ्यात आक्रसताना त्याला धरून खाली ओढते आणि सांधे उघडतात. म्हणून खोदलेली तीच माती भिंतीलगत परत टाकू नये. बोर्डावर उंचवट्यांची प्लास्टिक शीट लावून लगत मुरमाचा भराव करावा आणि पायाच्या पातळीवर छिद्रांच्या पाइपला उतार द्यावा, म्हणजे पाणी भिंतीपाशी न थांबता निघून जाते. जमिनीच्या वर डोकावणारा बोर्ड उन्हाने पिवळा पडून भुरभुरतो. तेथे शहाबादी फरशी किंवा जाळीवरचे प्लास्टर पुरते. वाळवी बोर्ड खात नाही, पण त्यातून बोगदे करत वर चढते. म्हणून बोर्डाच्या वरच्या कडेवर 15 सेंटीमीटर काँक्रीट उघडे ठेवावे, म्हणजे तिच्या मातीच्या नळ्या दिसतात.

या अभ्यासिकेला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या इमारती असल्यामुळे बाहेरून खोदणे शक्य नव्हते. मालकांनी वॉलपेपर, प्लायवूड आणि थर्माकोल काढून टाकले, भिंतीला चुना दिला, एसी 26 अंशांवर आणला आणि हवेतील ओल काढणारे यंत्र बसवले. आता भिंतीतून येणारे बाष्प अडकून न राहता खोलीत येते, आणि यंत्राची टाकी पावसाळ्यात रोज रिकामी करावी लागते.