मामी तीनदा का दिसते? कॉन्टॅक्ट ‘मर्ज’ करण्यामागची पार्श्वभूमी

सिमवर नावं ठेवायची सवय कीपॅडच्या फोनांपासूनची. कार्डावर साधारण 250 नोंदींची जागा, एका नावाला एकच नंबर आणि नावासाठी बऱ्याचदा जेमतेम 14 बाइट. देवनागरीत दर चिन्हाला दोन बाइट लागले की मात्रा-वेलांट्याही जागा खातात. ‘सुनीता’ एवढ्यातच जागा संपते, ‘मामी’ बाहेर. म्हणून लोक रोमन लिपीत लिहीत, आणि मामीचे दोन नंबर असले तर ‘मामी’ नि ‘मामी घर’ अशा दोन नोंदी करत.

20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. नंबर टिकला, पण सिम नवं आलं आणि जुन्या कार्डावरची नावं त्याबरोबर गेली. धडा घेऊन लोकांनी नावं आधी फोनमध्ये उतरवली, पुढे हाती अँड्रॉइड फोन आल्यावर ईमेलच्या खात्यात. गोम अशी की ‘इम्पोर्ट’ म्हणजे नक्कल. मूळ नोंद सिमवर राहतेच. एकच मामी तीन ठिकाणी दिसते ती अशी. आयफोनने सिमवर जतन करायची सोय कधी दिलीच नाही. माझ्या मते ते बरंच झालं.

सगळा घोळ ‘मर्ज’ या शब्दाचा आहे. एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामं चालतात. अँड्रॉइडमध्ये 2009 च्या 2.0 आवृत्तीपासून प्रत्येक खात्यातली नोंद वेगळी ठेवली जाते आणि पडद्यावर त्या एकत्र दाखवता येतात. हे नुसतं जोडणं, म्हणजे ‘लिंक’. आत नोंदी तीनच असतात. खरं एकत्रीकरण वेगळं: एकाच ऑनलाइन खात्यातल्या दोन नोंदींची एक होते, नंबर एकाखाली एक येतात.

फरक कळतो तो नंतर. फोनमधली नि खात्यातली मामी लिंक केली आणि पुढे ते खातं फोनवरून काढलं, तर खात्यात असलेला तिचा घरचा नंबर दिसेनासा होतो. फोनमधला तेवढा उरतो. उलट, लिंक केलेलं कार्ड ‘डबल आहे’ म्हणून डिलीट केलं, तर दोन्हीकडची नोंद जाते. गूगल खात्यातली 30 दिवस ट्रॅशमध्ये सापडते, निव्वळ फोनमधलीला असा भरवसा नाही.

म्हणून क्रम उलटा घ्यावा लागतो: आधी फोन नि सिममधलं सगळं एका खात्यात आणायचं, नवा नंबर कुठे जतन व्हावा ते खातंही तेच ठरवायचं, मग खात्यात मर्ज करायचं. ऑनलाइन खात्याच्या सूचना त्याच खात्यातल्या नोंदी पाहतात. सिमवरची मामी त्यांना दिसत नाही. सिमवरची नक्कल पुसायची ती अगदी शेवटी, खातं दुसऱ्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये उघडून मामीचे दोन्ही नंबर तिथे दिसल्यावर.