गॅस भरूनही एसी गार होत नाही? व्हॉल्व्हवरचा बर्फ बघा

(आमच्या उद्यमनगरातील वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी)

बॉनेट उघडलं की डॅशबोर्डच्या बाजूच्या पत्र्यात शिरणारे एसीचे दोन पाइप दिसतात, एक बारीक, एक जाड. एसी चालू असताना जाड पाइप गार असतो आणि त्यावर पाणी सुटतं. ते चांगलंच लक्षण आहे. पण दोन्ही पाइप जिथं जोडले जातात, त्या व्हॉल्व्हवर किंवा त्याच्या पुढे पांढरा बर्फ धरला असेल आणि आत वारा कोमट येत असेल, तर गॅस पुढे सरकत नाही असं समजा.

या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून दाबाखालचा गॅस कूलिंग कॉइलमध्ये सुटतो आणि गार होतो. भोक चोंदलं की थोडाच गॅस पुढे जातो आणि तिथला दाब फार खाली येतो. नेहमीच्या आर-134ए गॅसचा दाब साधारण 28 पीएसआयच्या खाली गेला की त्याचं तापमान शून्याखाली जातं. म्हणून बर्फ तेवढ्याच जागी धरतो, बाकीची कॉइल कोरडी राहते.

कागलहून आलेल्या एका गाडीचं उदाहरण सांगतो. पहिली वीस मिनिटं एसी झकास, मग गरम वारा. दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा गार. त्या मालकांनी दुसरीकडे दोनदा गॅस भरून घेतला होता. आम्ही गेज लावला. सुरुवातीला लो साइडला, म्हणजे व्हॉल्व्हच्या पुढच्या कमी दाबाच्या बाजूला, 30 पीएसआय होते, बघता बघता काटा शून्याखाली गेला. हाय साइड, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीची जास्त दाबाची बाजू, मात्र 150 च्या आसपास, म्हणजे फार वाढलेली नाही. एसी बंद करून बर्फ वितळू दिला, तर दाब परत जागेवर आला. निदान पक्कं झालं: आत पाण्याचा अंश होता आणि तो व्हॉल्व्हच्या भोकात गोठत होता. कचऱ्यानं चोंदलेला व्हॉल्व्ह असा आपोआप मोकळा होत नाही.

मग गॅस काढून घेतला, व्हॉल्व्ह, ओ-रिंग आणि ड्रायर बदलला. ओल शोषून घेणारा ड्रायर भरलेला असेल तर नुसता नवा व्हॉल्व्ह उपयोगाचा नाही. त्यानंतर पाऊण तास व्हॅक्यूम मारला आणि बॉनेटवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरला.

काही गाड्यांत व्हॉल्व्हऐवजी ऑरिफिस ट्यूब असते, पाइपातच बसवलेली जाळीची नळी. ती काढल्यावर जाळीत करड्या धातूचा चुरा दिसला, तर कॉम्प्रेसर झिजतोय. तेव्हा नुसती नळी बदलून देणं आम्हाला पटत नाही, चार दिवसांत तीही चोंदेल.

चोंदलेल्या एसीत गॅस वाढवून घेऊ नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस अडला की ऑइलही अडतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो.

आत वाराच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघा, त्यामुळंही कॉइलवर बर्फ धरतो.

आमच्याकडे येईपर्यंत बर्फ वितळलेला असतो. म्हणून दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढा (फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवून) आणि एसी किती मिनिटांनी बसला तेही लक्षात ठेवा.