होळकरांचे एक कोटी आणि कर्ज फिटायला लागणारा काळ

१८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षं, व्याज दरसाल साडेचार टक्के. त्या पैशातून झालेल्या मार्गाला होळकर स्टेट रेल्वे हे नाव मिळालं. इंदुरात हा किस्सा आजही छाती फुगवून सांगतात: सरकारने संस्थानाला नव्हे, संस्थानाने सरकारला कर्ज दिलं! रामबागेत घरी गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचं लक्ष मात्र त्या १०१ कडे जातं.

एक कोटीवर साडेचार टक्के म्हणजे साल साडेचार लाख व्याज. एवढंच देत राहिलं तर मुद्दल जागचं हलणार नाही. मग १०१ वर्षांत सगळं फेडायचं असेल, तर व्याजावर दरसाल आणखी किती द्यावे लागतील? हा प्रश्न मी दरवर्षी मुलांना घालतो. बहुतेक जण कोटीला १०१ ने भागतात आणि नव्व्याण्णव हजार सांगतात. खरं उत्तर पाच हजारांच्या आसपास आहे. (प्रत्यक्षात त्या कर्जाची फेड कशी झाली, हा इतिहासाचा विषय. मी फक्त करारातले आकडे उसने घेतोय.)

एवढ्या कमी पैशात हे कसं जमतं, ते ज्या समीकरणातून स्वच्छ दिसतं ते लिहायला चार चिन्हं पुरतात. B ही शिल्लक, r वार्षिक व्याजदर, p वर्षभरात एकसारखी, धारेसारखी होत राहणारी परतफेड आणि t हा काळ. शिल्लक व्याजाने वाढते, फेडीने घटते:

```
dB/dt = rB - p
```

व्याजाचं असं क्षणाक्षणाचं गणित करावं असं कुणाला का वाटलं असेल, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

व्याजावर व्याजाचा हिशेब आपल्याकडे जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये असा एक नियम दिला: मुद्दलाचं महिन्याचं व्याज पुन्हा त्याच दराने गुंतवलं, मिळून अमुक रक्कम झाली, तर ते मूळ व्याज किती? उत्तर वर्गसमीकरणाने निघतं. तिथे काळ ठाऊक असतो आणि व्याज शोधायचं असतं. उलटा प्रश्न, म्हणजे दर आणि हप्ता माहीत असताना काळ किती, हा वेगळ्या जातीचा आहे. त्यात अज्ञात राशी घातांकात जाऊन बसते आणि तिथून तिला खाली आणायला लॉगरिथम लागतो. नेपियरचे लॉगरिथम १६१४ चे. त्याच्या एकच वर्ष आधी, १६१३ मध्ये, लंडनच्या रिचर्ड विटने चक्रवाढीची कोष्टकं छापली होती. काळ हवा असेल तर कोष्टकावर बोट ठेवून योग्य ओळ शोधायची, हीच तेव्हाची रीत.

क्षणाक्षणाच्या व्याजाचा प्रश्न नीट मांडला तो याकोब बर्नुलीने, १६९० मध्ये. सावकाराने वर्षाचं व्याज वर्षाअखेर न जोडता प्रत्येक क्षणी त्याचा वाटा मुद्दलात मिळवला, तर वर्षाला किती होईल? त्याने दाखवलं की एका रुपयावर वर्षाचं साधं व्याज एक रुपया होत असेल, तर रक्कम अडीचपेक्षा जास्त पण तीनपेक्षा कमी भरते. त्या संख्येला e हे अक्षर पुढे ऑयलरने दिलं. बर्नुलीच्या प्रश्नात सावकार आहे, फेडणारा नाही, म्हणजे p शून्य. गंमत अशी की फेडणारा धरला की जे समीकरण उभं राहतं, ते सोडवायची रीतही त्याच दशकात तयार झाली. १६९५ मध्ये याच बर्नुलीने एका अवघड अवकल समीकरणाचं आव्हान दिलं आणि १६९६ मध्ये लायब्निट्सने ते रेषीय समीकरणात बदलून दाखवलं. आपलं कर्जाचं समीकरण म्हणजे त्या रेषीय जातीतलं सगळ्यांत गरीब उदाहरण.

पण फिटायला लागणाऱ्या काळाचा माझ्या मते सगळ्यांत सुंदर हिशेब आहे तो ऑयलरच्या १७४८ च्या ग्रंथात, लॉगरिथमच्या प्रकरणात. कुणावर तरी ४,००,००० फ्लोरिनचं कर्ज आहे, व्याज दरसाल पाच टक्के, आणि तो वर्षाला २५,००० फेडतो. किती वर्षांत सुटेल? ऑयलर इथे अवकल समीकरण वापरत नाही. वर्षाअखेरचं व्याज, मग हप्ता, अशी भूमिती श्रेणी मांडतो आणि १.०५ चा n वा घात ५ व्हायला हवा इथे पोचतो. ५ च्या लॉगरिथमला १.०५ च्या लॉगरिथमने भागलं की ३२.९९ वर्षं, म्हणजे तेहतिसाला जेमतेम कमी. तेहतिसावा हप्ता पूर्ण दिला, तर उलट सावकारच सुमारे ३१९ फ्लोरिन देणं लागतो. ही बारीक नोंद ऑयलरने स्वतः केली आहे, आणि तिच्यामुळे हे उदाहरण हिशेबनिसाला पटण्याजोगं झालं आहे.

आता हाच कर्जदार धारेने फेडू लागला असं धरू. समीकरण सोडवायला B मधून p/r वजा करून नवी राशी घ्यायची. ही नवी राशी नुसत्या चक्रवाढीने बदलते, p तिच्यातून नाहीसा होतो. बाकीचं आपोआप येतं:

```
B(t) = p/r + (B0 - p/r) * e^(rt)
T = (1/r) * ln( p / (p - r*B0) )
```

B0 म्हणजे सुरुवातीची शिल्लक, ln म्हणजे e या पायाचा, नैसर्गिक लॉगरिथम, आणि दुसरी ओळ म्हणजे B शून्य होण्याचा काळ. ऑयलरचे आकडे घाला: p २५,०००, पहिल्या वर्षाचं व्याज २०,०००, फरक ५,०००, म्हणजे पुन्हा ५ चाच लॉगरिथम. फक्त भागायचं १.०५ च्या लॉगरिथमऐवजी ०.०५ ने. उत्तर ३२.१९ वर्षं. अंशातला लॉगरिथम जसाच्या तसा, बदलला तो छेद.

इथे एक सापळा आहे आणि पाठ्यपुस्तकं त्यावरून घाईने पुढे जातात. क्षणोक्षणी ५ टक्के म्हणजे वर्षाअखेर ५.१३ टक्के. म्हणजे आपण कर्जदारावर थोडं जास्त व्याज लावलं, आणि तरीही तो लवकर सुटला, कारण त्याचे पैसे वर्षाअखेरची वाट न पाहता आधीच जमा होत होते. दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. सावकाराचा वार्षिक दर खरोखर ५ टक्केच ठेवायचा असेल, तर r च्या जागी १.०५ चा नैसर्गिक लॉगरिथम, ०.०४८८, घालायला हवा. तो आता p - r*B0 मध्येही शिरतो, आणि काळ ३१.०९ वर्षांवर येतो. कर्जाच्या कागदावर लिहिलेला दर कोणता, हे न विचारता सूत्रात घातला, तर वर्षभराची चूक सहज होते.

आता होळकरांच्या एक कोटीकडे वळू. p नेमका साडेचार लाख ठेवला तर छेदात शून्य येतं, T ला काही अर्थ उरत नाही: शिल्लक p/r वर, म्हणजे एक कोटीवर, खिळून बसते. त्याहून कमी दिले तर ती फुगत जाते. (प्रत्यक्षात आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी वसूल करता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातली कोर्टं तो मानत. समीकरणाला असा कुंपणाचा नियम ठाऊक नाही.) साडेचारऐवजी पाच लाख दिले तर १० चा लॉगरिथम भागिले ०.०४५, म्हणजे ५१ वर्षं. १०१ वर्षांसाठी उलटा हिशेब केला, तर व्याजाच्या वर दरसाल लागतात फक्त ४,८३० रुपये. वर्षातून एकदाच भरायचे असले तर सुमारे ५,३४०. कारण पहिल्या वर्षीच्या त्या जादा रुपयांमुळे मुद्दल कमी झालं की त्यावरचं व्याज वाचतं, ते पुन्हा मुद्दलात वळतं, आणि ०.०४५ गुणिले १०१ हा घातांक घेतला की e चा घात ९४ भरतो. शेवटाकडच्या वर्षांत शिल्लक कड्यावरून पडल्यासारखी कोसळते. सुरुवातीची चाळीस-पन्नास वर्षं मात्र ती हललीच नाही असं वाटावं इतकी संथ असते.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा मोबाइल पुढे करत म्हणाला, “सर, एरर येतोय.” त्याच्या मामांचं खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, पाच लाखांचं कर्ज, १२ टक्के, महिन्याला ६,००० हप्ता. त्याने p च्या जागी ६,००० आणि r च्या जागी ०.१२ घातलं होतं. ६,००० वजा ६०,०००, आणि ऋण संख्येचा लॉगरिथम. मी म्हटलं, “अरे, व्याज वर्षाचं आणि हप्ता महिन्याचा. कॅल्क्युलेटर बरोबर ओरडतोय.” ऋण संख्या दिसली की दोनच शक्यता असतात: एककं जुळलेली नाहीत, नाहीतर हप्ता खरोखरच व्याजालाही पुरत नाही. आधी पहिली तपासायची.

वर्षाचे ७२,००० घातल्यावर ६ चा लॉगरिथम भागिले ०.१२, म्हणजे १४.९३ वर्षं. त्याने मग विचारलं, की मामा रोज गल्ल्यातून २०० रुपये बाजूला टाकतात, त्याचं काय? ते वर्षाला ७३,००० होतात आणि उत्तर १४.३८ वर येतं, अर्ध्या वर्षाहून जास्त वाचतं. पण ते रोज कर्जखात्यात जमा झाले आणि व्याजही रोजच्या शिल्लकेवर लागलं तरच. डब्यात साठवून महिन्याअखेर भरले, तर धारेचं समीकरण लागू नाही. तिथे ऑयलरची जुनी श्रेणी वापरावी.

मामा महिन्याला सहा हजारच भरतात, म्हणून आम्ही तीही मांडली. दरमहा १ टक्का, ६ च्या लॉगरिथमला १.०१ च्या लॉगरिथमने भागून १८०.०७ हप्ते. म्हणजे पंधरा वर्षं पूर्ण भरूनही शिल्लक राहतात ४२० रुपये, आणि एकशे एक्क्याऐंशीव्या महिन्यात ४२४ रुपयांचा एक चिमुकला हप्ता.