खुलताबादचे चिश्ती : सिलसिला, खानकाह आणि सुलतान

खुलताबादला औरंगजेबाची कबर बघायला जातात लोक, ती ज्या दर्ग्याच्या आवारात आहे तो शेख जैनुद्दीन शिराजींचा, आणि त्याला म्हणतात बाईस ख्वाजा. बाईस का, तर चिश्ती या सूफी परंपरेत गुरूकडून शिष्याकडे मोजत आलं की यांचा नंबर बाविसावा लागतो. सिलसिला म्हणजे साखळी, ती हीच.

साखळीत शिरायचं तर पीराच्या, म्हणजे गुरूच्या, हातात हात देऊन बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घ्यायची, की झाला मुरीद, म्हणजे शिष्य. पण मुरीद हजारो असतात. त्यातल्या मोजक्यांनाच पीर खिलाफतनामा देतो, म्हणजे स्वतः मुरीद करून घ्यायची लेखी परवानगी, आणि असा खलीफा दुसऱ्या गावी जाऊन आपली खानकाह उभी करतो. खानकाह म्हणजे आपल्या मठासारखंच, राहणं, जप, लंगर सगळं एका छताखाली. जुने चिश्ती खर्च चालवायचे फुतूहवर, न मागता आलेल्या दानावर, आणि सुलतानाकडून जमीन घेणं टाळायचे कारण मग त्याचं ऐकावं लागतं.

दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे खलीफा बुऱ्हाणुद्दीन गरीब देवगिरीला आले ते मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी हलवली त्या धबडग्यात. ते 1337 ला वारले, नंतर त्यांच्या जागी जैनुद्दीन आले. त्यांच्याच काळात, 1347 ला, दख्खन दिल्लीपासून फुटून बहमनी राज्य झालं.

नव्या सुलतानाला पीराचा पाठिंबा का हवा असायचा? गादी तलवारीने मिळायची खरी, पण ती देवाने दिलीय हे लोकांना पटवायला पीर लागायचा. आणि इथेच ठिणगी पडली. दौलताबादला बंड झालं, ते फसल्यावर जैनुद्दीननी बंडखोरांना गुजरातला पळून जायचा सल्ला दिला. सुलतान मुहम्मद शाह बहमनी आधीच चिडलेला, कारण बाकीच्या शेखांनी त्याला मान्यता दिली होती आणि यांनी दिली नव्हती, दारू पिणारा राजा नको म्हणून. त्याने शहर सोडायचा हुकूम काढला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की शेख नमाजाची चटई घेऊन थेट बुऱ्हाणुद्दीनांच्या कबरीपाशी गेले, काठी जमिनीत रोवली आणि बसले, आता उठवा कोण उठवतंय ते! सुलतान नरमला, राज्यातली दारूची दुकानं बंद केली. फिरिश्ताने हे दोनअडीचशे वर्षांनी लिहिलंय, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला, पण शेख बसले कुठे ते बघा, गुरूच्या कबरीवर. तिथून हात धरून उठवणं म्हणजे अख्ख्या साखळीला हात लावणं.

जैनुद्दीन 1369 ला वारले आणि मागे मुख्य खलीफा नेमून गेले नाहीत असं परंपरा सांगते. मग शिकवणारा पीर उरला नाही, उरले ते कबर सांभाळणारे मुजावर, आणि दर्ग्याला इनाम जमिनी मिळत गेल्या, ज्या जुने चिश्ती टाळायचे त्याच. 1707 मध्ये औरंगजेबाला त्याच्या इच्छेनुसार तिथेच पुरलं, जैनुद्दीनांच्या पायाशी.